हिरवा दिवा, पिवळा दिवा आणि उघडलेले दार

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या रोज दोन मुलांना गाडीने शाळेत सोडतात. घरी त्यांच्या शौहरांची ह्युंदाईची क्रेटा आहे आणि भाईजानकडे टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस. दोन्ही गाड्यांत ऑटो होल्डचे बटण आहे. त्यांच्या क्रेटात सिग्नलला गाडी थांबली की हिरवा दिवा लागतो. ईदला त्या भाईजानची गाडी चालवायला बसल्या, तर सिग्नलला पिवळा दिवा लागला. "पिवळा म्हणजे बिघाड, असे समजून मी गाडी बाजूला घेतली आणि भाईजानला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, आपा, ते तसेच असते. पण तसेच का असते ते त्यालाही सांगता आले नाही."

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. "शाळेच्या फाटकापाशी चढ आहे. गाडी होल्डवर उभी असते, पाय ब्रेकवरून काढलेला असतो. एके दिवशी धाकट्याचे दप्तर मागे अडकले म्हणून मी पट्टा सोडून माझे दार उघडले. टिंग टिंग वाजले, हिरवा दिवा गेला. म्हणजे होल्ड सुटला. नेमके उतरायच्या वेळीच गाडी ब्रेक सोडून देते, हा काय प्रकार आहे? मी उतरले असते आणि गाडी मागे गेली असती तर?"

दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच जागी आहेत. त्यासाठी होल्डवर असताना गाडी नेमकी कशाने धरलेली असते, ते आधी पाहू.

आपण ब्रेकचे पायडल दाबतो तेव्हा ब्रेकच्या तेलावर दाब येतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. पाय उचलला की दाब जातो आणि चाक मोकळे होते. ऑटो होल्ड यात एवढेच करतो की गाडी पूर्ण थांबल्यावर तेलाच्या वाटेवरचे छोटे वॉल्व्ह बंद करून तो दाब आत कोंडून ठेवतो. हे वॉल्व्ह एबीएसच्याच पेटीत असतात. त्यासाठी वेगळे ब्रेक बसवलेले नसतात. चाक जरा जरी हलले तर चाकाजवळचा सेन्सर ते कळवतो आणि पेटीतला पंप दाब वाढवतो. ॲक्सिलरेटर दाबला की वॉल्व्ह उघडतात आणि गाडी निघते.

आता यातली मेख. दाब कोंडून ठेवणारे हे वॉल्व्ह वीज असेपर्यंतच बंद राहतात. वीज गेली की ते आपोआप उघडतात. हे मुद्दाम तसे केलेले आहे. उलट केले असते, तर वायर तुटताच पायाचा ब्रेक चाकापर्यंत पोहोचलाच नसता. पण त्याचा अर्थ असा की होल्डवर उभी गाडी सतत वीज खात, जागी राहून उभी असते. वॉल्व्हच्या गुंडाळीत वीज वाहत असल्याने ती तापते, आणि कोंडलेला दाबही हळूहळू उतरू शकतो. म्हणून कोणतीही कंपनी हा होल्ड अमर्याद वेळ चालू ठेवत नाही. टोयोटाच्या पुस्तिकेत साधारण 3 मिनिटे दिली आहेत, ह्युंदाईच्या पुस्तिकेत 10 मिनिटे. त्यानंतर गाडी स्वतःच काम दुसऱ्याच्या हाती देते.

हा दुसरा म्हणजे इलेक्ट्रिक हँडब्रेक. पूर्वी दोन सीटच्या मध्ये ओढायचा दांडा असे, त्याच्या जागी आता बोटाने उचलायचे बटण असते. ते उचलले की मागच्या चाकांपाशी 'घुर्र' असा बारीक आवाज येतो. तिथे छोटी मोटर आहे. ती एक स्क्रू फिरवते आणि स्क्रू पॅडला डिस्कवर दाबून धरतो. स्क्रूची आटी अशी असते की मागून कितीही रेटा आला तरी तो उलटा फिरत नाही. मोटर थांबली, चावी काढली, बॅटरी उतरली तरी पॅड दाबलेलेच राहतात.

घरातल्या दाराचेच पाहा. वारा सुटला आहे आणि दार उघडते आहे. आपण तळहाताने ते लोटून धरले, तर आपण तिथे उभे असेपर्यंतच ते बंद राहील. कडी लावली तर आपण आत जाऊन झोपलो तरी चालेल. ऑटो होल्ड हा तळहात आहे आणि हँडब्रेक ही कडी. चालक समोर बसलेला असताना तळहात पुरतो. चालक उठून निघाला तर कडीच हवी.

चालक निघाला हे गाडीला कसे कळणार? गाडीला माणूस दिसत नाही, तिला फक्त खुणा कळतात. सीट बेल्टच्या कुलपात एक छोटा स्विच असतो आणि चालकाच्या दारात एक. पट्टा सुटला आणि चालकाचे दार उघडले, की गाडी समजते की स्वारी उतरते आहे. काही गाड्या या दोन्ही खुणा एकत्र जमल्या तरच हलतात, काहींना दोन्हींपैकी एकही पुरते. टोयोटाच्या पुस्तिकेप्रमाणे होल्ड चालू असताना चालकाचे दार उघडले किंवा पट्टा सुटला तर गाडी आवाज करते, पडद्यावर सूचना देते आणि हँडब्रेक स्वतःच लावते. ह्युंदाईच्या गाड्यांतही आवाज येतो, हिरवा दिवा पांढरा होतो आणि हँडब्रेकचा लाल दिवा लागतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने हिरवा दिवा गेलेला पाहिला, पण त्याच क्षणी शेजारी लागलेला लाल दिवा त्यांच्या नजरेतून सुटला असावा. दप्तर काढताना तसे होणारच. त्यांच्या त्या अर्ध्या मिनिटाचा हिशोब मांडू. गाडी चढावर थांबली, त्यांनी ब्रेक नीट दाबला, हिरवा दिवा लागला. त्यांनी पाय काढला. मुलांनी मागचे डावे दार उघडले. तेव्हा काहीच झाले नाही, कारण मागच्या दाराशी होल्डचा संबंध नाही. मुले उतरताना गाडी तेलाच्या दाबावरच उभी होती. मग त्यांनी पट्टा सोडला आणि स्वतःचे दार उघडले. टिंग वाजले. मागच्या चाकांतून घुर्र आवाज आला असणार, पण फाटकावरच्या गोंगाटात तो ऐकू आला नसेल. स्क्रू आवळला गेला, लाल दिवा लागला आणि त्यानंतरच तेलाचा दाब सोडला गेला. हिरवा दिवा गेला याचा अर्थ इथे असा की गाडीने कडी लावून मग तळहात काढला. आधी तळहात आणि मग कडी, असा उलटा क्रम नसतो.

म्हणून अशा वेळी पाहायचा दिवा एकच, तो लाल. गोलात P किंवा उद्गारचिन्ह असलेला. हिरवा गेला आणि लाल लागला, तर गाडी जागेवर आहे. हिरवा गेला आणि लाल लागलाच नाही, तर उतरायचे नाही. पाय ब्रेकवर, गिअर P वर, आणि हँडब्रेकचे बटण हाताने उचलायचे.

आता रंगांकडे येऊ, कारण खरा धोका तिथेच आहे. ह्युंदाई आणि किया यांच्या गाड्यांत AUTO HOLD असे लिहिलेला दिवा असतो. बटण दाबले की तो पांढरा लागतो. याचा अर्थ, मी तयार आहे, पण अजून काही धरलेले नाही. गाडी पूर्ण थांबली आणि दाब कोंडला गेला की तोच दिवा हिरवा होतो. आणि पिवळा झाला तर बिघाड, गाडी दाखवायला न्यावी.

टोयोटाच्या गाड्यांत HOLD लिहिलेले असते. तिथे बटण दाबल्यावर जो हिरवा लागतो, तो फक्त तयारीचा. गाडी धरली गेली की पिवळा HOLD लागतो. हा पिवळा स्थिर असेल तर सगळे ठीक आहे. तो लुकलुकू लागला तर बिघाड. म्हणजे भाईजानच्या गाडीत पिवळा दिसल्यावर घाबरायचे काही नव्हते. पण उलट बाजू पाहा. क्रेटाची सवय असलेली बाई हायक्रॉसमध्ये बसली आणि तिला हिरवा दिसला. तिच्या डोक्यात हिरवा म्हणजे 'धरली'. या गाडीत हिरवा म्हणजे 'अजून धरलेली नाही'. ती निर्धास्त होऊन पाय उचलेल आणि गाडी पुढे सरकेल, कारण ऑटोमॅटिक गाडी D वर असली की ब्रेक सोडताच आपोआप चालू लागते. आमच्या मते रंगांची ही उलटापालट गाड्यांच्या कंपन्यांनी आपापसांत बसून केव्हाच मिटवायला हवी होती. एकाच घरात दोन कंपन्यांच्या गाड्या असणे आता काही नवलाचे राहिलेले नाही.

'तयार' आणि 'धरली' यांतला फरक दाराच्या प्रश्नातही येतो. दार उघडताच गाडी हँडब्रेक लावते, ते होल्डने गाडी खरोखर धरलेली असेल तेव्हा. नुसती तयारी असेल, तर दार उघडल्यावर तयारी रद्द होते. टोयोटात हिरवा दिवा विझतो आणि एवढ्यावर काम संपते. अशा वेळी गाडी हँडब्रेक लावीलच असे धरून चालता येत नाही. असे केव्हा घडते? गाडी पूर्ण न थांबता इंच इंच सरकत असते, चालकाचा पाय ब्रेकवर हलका टेकलेला असतो, आणि चाक गटाराच्या कडेला किती टेकले ते पाहायला तो दार उघडून बाहेर वाकतो. वाकताना अंग डावीकडून उजवीकडे वळते आणि पाय नकळत उचलला जातो. गिअर D वर आहे, होल्ड नाही, हँडब्रेक नाही. गाडी निघाली.

उतारावर गोष्ट आणखी वेगाने घडते. दहा फुटांना एक फूट चढणारा रस्ता घ्या, शाळेच्या फाटकापाशी असा चढ असतोच. गाडीचे वजन 1400 किलो असेल तर तिला मागे ओढणारा जोर साधारण 140 किलोंइतका भरतो. न्यूट्रलवर असलेली गाडी कशानेच धरलेली नसेल तर पहिल्या तीन सेकंदांत ती साडेतीन-चार मीटर मागे जाते आणि तेव्हा तिचा वेग ताशी 9 किलोमीटरच्या आसपास असतो. तीन सेकंदांत माणूस पट्टा सोडून एक पाय बाहेर टाकतो, एवढेच.

दाराकडे गाडीने लक्ष ठेवावे, या कल्पनेमागे एक दुःखद घटनाही उभी आहे. जून 2016 मध्ये लॉस एंजेलिस इथे अँटोन येल्चिन हा 27 वर्षांचा अभिनेता स्वतःच्या घरासमोरच्या उतारावर स्वतःच्याच जीप ग्रँड चेरोकीखाली सापडून गेला. गाडी मागे सरकली आणि तो फाटक व खांबापाशी चिरडला गेला. त्या मॉडेलचा गिअरचा दांडा ढकलल्यावर परत मधोमध येत असे. त्यामुळे गिअर P वर पडला की नाही हे हाताला कळत नसे. लोक P टाकला असे समजून उतरत आणि गाडी मागे जात असे. कंपनीने त्याआधीच, एप्रिल 2016 मध्ये, जगभरातल्या सुमारे 11 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती काय होती? गाडीच्या संगणकात असा बदल केला की चालकाचा पट्टा सुटलेला आहे, दार उघडले आहे, ब्रेकवर पाय नाही आणि गाडी जवळपास थांबलेली आहे, असे दिसताच गाडीने स्वतःच P टाकावा. त्या प्रकरणाचा ऑटो होल्डशी संबंध नव्हता, पण खुणा त्याच आहेत. पट्टा आणि दार.

या खुणा खोट्या पडल्या तर काय, हा प्रश्न आपल्याकडे फार लागू आहे. सीट बेल्टची टुणटुण बंद करायला बाजारात एक लोखंडी क्लिप मिळत असे. पट्टा न लावता ती कुलपात खोचायची. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा विकणे बंद करायला लावले. पण पूर्वी घेतलेल्या क्लिपा अजून कित्येक गाड्यांत खोचलेल्या दिसतात. ती खोचली की गाडीच्या हिशेबी पट्टा कायम लागलेला असतो. ज्या गाड्या पट्टा आणि दार दोन्ही पाहून हँडब्रेक लावतात, त्यांना तुम्ही दार उघडल्यावर वाटते की चालक पट्टा लावून बसला आहे आणि नुसता बाहेर डोकावतो आहे. गाडी तळहातानेच धरून ठेवते. तुम्ही खाली उतरून डिकीकडे चालत गेलेले असता. घरच्या गाडीत ती क्लिप असेल तर आजच काढून टाका.

दुसरा बिघाड दाराच्या स्विचचा. पावसाळ्यात धूळ आणि पाणी जाऊन तो अडकतो. तो दार उघडे आहे असे सांगत राहिला तर ऑटो होल्डचे बटण कितीही दाबा, पांढरा किंवा हिरवा दिवा लागणारच नाही. मीटरवर दार उघडे असल्याचे चित्र दिसेल, आतला दिवा विझणार नाही. हा त्रासाचा असला तरी उघड दिसणारा बिघाड आहे. उलटा बिघाड लबाड. स्विच दार बंद आहे असेच सांगत राहतो आणि तुम्ही खरोखर उतरलात तरी गाडीला पत्ता नसतो. त्याची खूण अशी की चालकाचे दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही आणि मीटरवर दाराचे चित्र येत नाही. दिव्याचे बटण दाराच्या खुणेवर ठेवलेले असताना हे पाहा. बाकीच्या दारांना दिवा लागतो आणि फक्त चालकाच्या दाराला लागत नाही, तर मेकॅनिकला स्विच तपासायला सांगा.

आणखी एक गोष्ट, कारण विचारणा नेहमी होते. बऱ्याच छोट्या गाड्यांत हिल होल्ड असतो. त्याला ऑटो होल्ड समजू नये. तो चढावर पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत दोन-तीन सेकंद गाडी धरतो आणि सोडून देतो. दाराकडे पाहून हँडब्रेक लावणे हे त्याचे कामच नाही. ज्या गाडीत हँडब्रेकचा दांडा हाताने ओढायचा आहे, तिथे गाडी स्वतः तो ओढू शकत नाही, हे तर उघडच आहे.

स्वतःच्या गाडीची चाचणी घ्यायची असेल तर मोकळे, सपाट मैदान शोधा. पुढेमागे कोणी नको, मुले गाडीत किंवा जवळ नकोत. होल्ड चालू करा, पूर्ण थांबा, धरल्याचा रंग पाहा. पाय ब्रेकच्या अगदी वर तयार ठेवून पट्टा सोडा आणि दार चार बोटे उघडा. आवाज आणि लाल दिवा दोन्ही आले पाहिजेत. लाल दिवा आला नाही तर पाय खाली आणि गिअर P वर. पुढची भेट सर्व्हिस सेंटरला.

भगिनीने शेवटी विचारले आहे की दार परत बंद केल्यावर होल्ड पुन्हा आपोआप चालू होतो का. टोयोटात नाही. दार उघडल्यावर यंत्रणा बंद होते. दार बंद करून, पट्टा लावून, बटण पुन्हा दाबावे लागते आणि हिरवा दिवा परत लागला पाहिजे. लाल दिवा लागलेला असेल तर ब्रेक दाबून हँडब्रेकचे बटण खाली दाबायचे, मग निघायचे. क्रेटात दिवा पांढरा आहे की विझला आहे ते पाहावे. विझला असेल तर बटण दाबावे. शाळेच्या फाटकावरून निघाल्यावर पुढच्या सिग्नलला पाय उचलण्याआधी एकदा मीटरकडे पाहा. गाडी क्रेटा असेल तर हिरवा, हायक्रॉस असेल तर पिवळा.